उन्हाळ्यात लाईट गेली तर दूध-दही-आईस्क्रीम कसं सांभाळायचं: छोट्या दुकानदारासाठी

अकोला जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझं किराणा आणि डेअरीचं दुकान आहे. दहा बाय चौदाचा गाळा, त्यात काचेच्या दाराचा एक उभा फ्रीज, आईस्क्रीमचा एक डीप फ्रीजर आणि वर पत्रा. एप्रिल-मे महिन्यात आमच्याकडे पारा 44-45 वर जातो, आणि दुपारी वारं सुटलं की लाईट गेलीच म्हणून समजा. कधी वीस मिनिटं, कधी संध्याकाळ होईस्तोवर. पहिल्या उन्हाळ्यात मी पाट्याच्या पाट्या माल फेकला. आता फार कमी फेकतो. मधल्या काळात जे जमलं ते इथे लिहितो. नवीन दुकान टाकणाऱ्या पोरांनी मला हेच विचारलंय, म्हणून त्यांना सांगावं तसंच.

सगळ्यात आधी एक गैरसमज काढतो. नवीन दुकानदार पहिल्यांदा इन्व्हर्टरचा भाव विचारायला जातो. मीही गेलो होतो. पण दुपारच्या लाईट जाण्याची तयारी आदल्या रात्री होते, आणि ती मुख्यतः बर्फाची असते. रात्री लाईट असते, हवा जरा गार असते, फ्रीजर उघडझाप होत नाही. तेव्हा थंडी साठवून ठेवायची आणि दुपारी खर्च करायची. इन्व्हर्टरचा नंबर त्यानंतरचा.

पहिलं काम: थर्मामीटर

फ्रीजवर जो आकडा दिसतो तो आतल्या हवेचा असतो. दार उघडलं की तो लगेच चढतो, बंद केलं की उतरतो. दुधाचं तापमान त्याहून वेगळं असतं आणि आपल्याला तेच हवं. वायर असलेला डिजिटल थर्मामीटर दोन-तीनशे रुपयांत मिळतो. त्याचं टोक छोट्या पाण्याच्या बाटलीत बुडवा आणि ती बाटली फ्रीजच्या मधल्या कप्प्यात, पिशव्यांच्या शेजारी ठेवा. पाणी दुधासारखंच सावकाश तापतं आणि सावकाश निवतं, त्यामुळे दिसणारा आकडा दुधाच्या जवळचा असतो. स्क्रीन बाहेर चिकटवा, म्हणजे बघायला दार उघडावं लागत नाही. लाईट गेल्यावर याचं खरं महत्त्व कळतं.

आणल्या आणल्या तो तपासून घ्या. पेलाभर बर्फाचा चुरा, त्यात थोडं पाणी, नीट ढवळून त्यात टोक धरा. दोन मिनिटांनी 0 दिसायला हवं. माझा पहिला थर्मामीटर 2 दाखवायचा, म्हणजे मी दोन अंशांनी चुकीचा चालत होतो. फेकला नाही, त्याच्यावर पट्टी लावून "2 वजा कर" असं लिहिलं.

लक्षात ठेवायचे आकडे दोनच. दूध, दही, पनीर 5 अंशांच्या आत. आईस्क्रीम उणे 18 किंवा त्याहून खाली. 5 ते 60 अंशांच्या मधे जंतू झपाट्याने वाढतात, आणि आमच्या गाळ्यातले 40 अंश म्हणजे त्यांच्यासाठी मेजवानी.

फ्रीज नीट चालतोय का ते आधी बघा

लाईट असतानाच जो फ्रीज 9-10 अंशांवर हाशहुश करत असतो, तो लाईट गेल्यावर काय टिकणार? उन्हाळा लागायच्या आधी, फेब्रुवारीतच, मागची जाळी ब्रशने साफ करा. किराणा दुकानात पिठाची आणि मिरचीची धूळ असते, ती जाळीत भरून बसते आणि गरम हवा बाहेर पडत नाही. भिंतीपासून वीतभर अंतर सोडा. दाराचं रबर तपासायला दारात एक कागद अडकवून ओढा. सहज निघून आला तर रबर सैल झालंय. आणि पश्चिमेचं ऊन काचेवर पडत असेल तर बाकी काही करू नका, आधी फ्रीज हलवा किंवा बाहेर हिरवी जाळी टाका.

फ्रीज ठासून भरू नये हेही सांगतो. काचेच्या फ्रीजमध्ये थंड हवा पंख्याने फिरते. पिशव्या मागच्या भिंतीला टेकल्या की हवा अडते, मग वरचा कप्पा गरम आणि खालच्या कप्प्यात दही गोठतं. डीप फ्रीजरचं मात्र उलटं आहे. तो जितका भरलेला तितका जास्त वेळ टिकतो. रिकाम्या जागी हवा असते आणि हवेत थंडी साठत नाही.

बर्फाचं गणित

आता मुद्द्याचं. एक किलो बर्फ वितळताना जेवढी उष्णता शोषून घेतो, तेवढ्यात जवळपास चार किलो दूध 25 अंशांवरून 5 अंशांवर येऊ शकतं. नुसतं थंड पाणी याच्या जवळपासही जात नाही. म्हणून बाटल्या नुसत्या गार करून उपयोग नाही, त्या घट्ट गोठलेल्या पाहिजेत.

माझ्याकडे थर्माकोलची एक पेटी आहे. साधारण दोन फूट लांब, सव्वा फूट रुंद, सव्वा फूट उंच, भिंत इंचभर जाड. औषधांच्या किंवा मासळीच्या दुकानात अशा पेट्या मिळतात. बाहेर 42 अंश असताना अशा पेटीत बंद झाकणाने तासाला साधारण पाऊण किलो बर्फ वितळतो. भिंत दोन इंच जाड असेल तर निम्मा. म्हणजे सहा तास लाईट गेली तर साडेचार किलो बर्फ नुसता बाहेरची उष्णता थोपवण्यात जाणार. त्यात गिऱ्हाईक येऊन चार वेळा झाकण उघडणार, दूध पेटीत जाताना 4 नाही तर 9 अंशांवर असणार, हे सगळं धरून मी आठ किलो पकडतो.

आठ किलो म्हणजे एक लिटरच्या नऊ-दहा बाटल्या. पाणी बाटलीच्या मानेच्या खाली ठेवा, गोठताना फुगतं, नाहीतर बाटली फुटते. या बाटल्या एकदम सगळ्या फ्रीजरमध्ये कोंबू नका. कोमट पाण्याच्या दहा बाटल्या एका रात्रीत गोठवायला गेलात तर आईस्क्रीम मऊ होतं. रोज दोन-तीन ठेवा, आठवड्यात साठा तयार. नंतर त्या फ्रीजरमध्येच राहतात, रिकामी जागा भरून काढतात, आणि लाईट असतानाही फ्रीजरला आधार देतात.

बर्फाच्या कारखान्यातून लादीचा तुकडा आणायचा असेल तर एक गोष्ट बघा. खाण्यायोग्य नसलेल्या बर्फाला निळा रंग घालायचा नियम महाराष्ट्रात 2018 मध्ये आला. पिशवीबंद माल बाहेरून थंड करायला असला बर्फ चालतो, पण वितळलेलं पाणी पिशवीवर राहतं आणि गिऱ्हाईक ती पिशवी दातांनी फाडतं. म्हणून असा बर्फ वापरला तर तो जाड प्लास्टिकमध्ये बांधून ठेवा आणि विकताना पिशवी स्वच्छ पाण्याने धुवून पुसा. सरबताच्या गाड्यावाल्याला तो बर्फ देऊ नका, त्याने मागितला तरी.

मिठाच्या पाण्याच्या बाटल्या काही लोक करतात, त्या साध्या बर्फापेक्षा जास्त थंड असतात. आईस्क्रीमसाठी ठीक, पण दुधाच्या पेटीत टाकू नका. दूध शून्याच्या जरासं खाली, उणे अर्ध्या अंशाच्या आसपास, गोठतं. साध्या बर्फाच्या पाण्यात ते गोठूच शकत नाही, मिठाच्या बाटलीला टेकलं तर गोठतं. गोठून वितळलेल्या दह्याचं पाणी सुटतं आणि मग कितीही ताजं असलं तरी कुणी घेत नाही. साधी बाटलीही फ्रीजरमधून काढल्या काढल्या उणे 18 ची असते, तिला वर्तमानपत्राचा एक कागद गुंडाळला की पहिल्या तासाचं काम भागतं.

लाईट गेल्यावर पहिली दहा मिनिटं

समोरच्या दुकानातही अंधार आहे का ते बघा. आपल्याच मीटरचा फ्यूज उडाला असेल तर वाट बघत बसण्यात अर्थ नाही. सगळीकडे गेली असेल तर आधी फ्रीज आणि फ्रीजरच्या पिना काढा. हे का, ते पुढे सांगतो. मग वेळ लिहा. फ्रीजरच्या काचेवर जुनी गोधडी किंवा घडी केलेलं ब्लँकेट टाका. आईस्क्रीमच्या काचेच्या झाकणातून जितकी थंडी निसटते तितकी बाकी कुठून निसटत नाही. झाकण आता उघडायचं नाही, आणि कुणी आईस्क्रीम मागितलं तर "लाईट आल्यावर" असं सांगायचं. बंद आणि गच्च भरलेला फ्रीजर दीड-दोन दिवस टिकतो असं म्हणतात, ते घरातल्या मापाने खरं. उन्हाने तापलेल्या पत्र्याखाली, काचेच्या झाकणाच्या फ्रीजरला एवढं गृहीत धरू नका.

काचेच्या फ्रीजचं मी दोन टप्प्यांत बघतो. अर्धा तास नुसतं दार बंद ठेवायचं. बहुतेक वेळा तेवढ्यात लाईट येते आणि काहीच करावं लागत नाही. थर्मामीटर 6 दाखवायला लागला, किंवा लाईट अर्ध्या तासात आली नाही, की दूध-दही-पनीर पेटीत हलवायचं. पेटीत तळाला तीन बाटल्या, वर दुधाच्या पिशव्या आडव्या, मधे पुन्हा बाटल्या, वर पनीर आणि अगदी वर दह्याचे कप. कप पाण्यात बुडाले तर झाकणाच्या कडेने पाणी आत जातं, म्हणून ते वर. रिकामी जागा वर्तमानपत्राने भरा. झाकणावर पोतं टाका आणि पेटी जमिनीवर, कोपऱ्यात ठेवा.

विक्रीसाठी चार-पाच पिशव्या वेगळ्या छोट्या डब्यात, एका बाटलीसोबत काढून ठेवा. मोठी पेटी दर गिऱ्हाईकाला उघडत राहिलात तर वरचं सगळं गणित कोलमडतं. माझ्या बायकोनेच हे सुचवलं. त्याआधी मी दर पाच मिनिटांनी पेटीत हात घालायचो.

टेट्रापॅकमधलं दूध मी उन्हाळ्यात मुद्दाम जास्त ठेवतो. ते न उघडलेलं असेल तर फ्रीज लागतच नाही, फळीवर राहतं. लाईट चार तास गेली आणि पिशवीचं दूध संपलं तरी चहावाल्याला परत पाठवावं लागत नाही. महाग पडतं म्हणून लोक रोज घेत नाहीत, पण अशा दिवशी घेतात.

लाईट आल्यावर घाई नको

लाईट आली की व्होल्टेज आधी वरखाली होतं, कारण सगळ्या गावाचे कूलर, पंप आणि फ्रीज एकदम ओढू लागतात. शिवाय बंद पडलेल्या कॉम्प्रेसरमध्ये दाब समान व्हायला तीनेक मिनिटं लागतात. त्याआधी चालू केला तर तो गुरगुरतो आणि सुरू होत नाही, असं दोन-चारदा झालं की जळतो. म्हणून पिना काढून ठेवायच्या. पाच मिनिटांनी फ्रीज, आणखी पाच मिनिटांनी फ्रीजर. वेळ लावणारा स्टॅबिलायझर घेतला तर हे तो स्वतः करतो, आणि कॉम्प्रेसर बदलण्यापेक्षा तो स्वस्त पडतो.

फ्रीज थंड व्हायला तासभर जातो. तोवर पेटीतला माल पेटीतच. बाटल्या अर्ध्या वितळलेल्या असतील तर त्या रात्री परत फ्रीजरमध्ये, पुन्हा दोन-तीन करून.

इन्व्हर्टरबद्दल थोडं

इन्व्हर्टर हवाच असेल तर हिशोब असा. 12 व्होल्टची 150 अँपिअर-अवरची बॅटरी कागदावर 1800 वॅट-तास देते, प्रत्यक्षात बॅटरीचं आयुष्य जपायचं तर त्यातले हजारेक वापरायचे. काचेचा फ्रीज कॉम्प्रेसर चालू असताना 200 वॅटच्या आसपास घेतो, आणि 42 अंशांत तो जवळजवळ सतत चालू असतो. इन्व्हर्टरची स्वतःची तूट धरून चारेक तास. पण कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर त्याच्या कितीतरी पट ओढतो, म्हणून घरगुती लहान इन्व्हर्टर तिथेच बंद पडतो. साइन वेव्हचा, दीड-दोन केव्हीएचा लागतो. फ्रीजच्या मागच्या पट्टीवर लिहिलेले वॅट आणि अँपिअर घेऊन इलेक्ट्रिशियनकडे जा, दुकानदाराच्या अंदाजावर नका जाऊ.

माझा इन्व्हर्टर फक्त दिवा, पंखा आणि वजनकाटा चालवतो. चार हजारांच्या बर्फाच्या तयारीने जे होतं ते करायला चाळीस हजार घालावेत का, हा प्रत्येकाने आपल्या विक्रीवरून ठरवायचा प्रश्न आहे. रोज शंभर लिटर दूध विकणाऱ्याला घालावेत. मला नाही.

जनरेटर भाड्याने आणला तर तो दुकानात, शटरच्या आत किंवा जिन्याखाली ठेवू नका. त्याच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, वास येत नाही आणि माणूस झोपल्यासारखा मरतो. रस्त्यावर, हवा खेळती असेल तिथेच.

एका दुपारचा हिशोब

मे महिन्यातली एक दुपार. पश्चिमेला काळं आलं, धूळ उडाली आणि 3 वाजून 40 मिनिटांनी लाईट गेली. फ्रीजमध्ये अर्ध्या लिटरच्या दुधाच्या 36 पिशव्या, दह्याचे 24 कप, पनीरची 10 पाकिटं. थर्मामीटर 4.5. बाहेरच्या ओट्यावर 41.

4 वाजून 10 मिनिटांनी आकडा 6 झाला, तेव्हा पेटी भरली. फ्रीजरमधून आठ बाटल्या काढल्या, दोन मुद्दाम तिथेच ठेवल्या, कारण सगळ्या काढल्या असत्या तर आईस्क्रीमचा आधार गेला असता. थर्मामीटरची बाटली दुधाच्या थरात टाकली. 5 वाजता 3 अंश. गिऱ्हाईक सहानंतर आलं, तेव्हा विक्रीच्या डब्यातून दूध दिलं. 8 वाजता 3.5. रात्री सव्वादहाला लाईट आली, पेटी उघडली तेव्हा 4 अंश, तीन बाटल्या पूर्ण पाणी, पाच अजून अर्ध्या गोठलेल्या. दूध-दही-पनीर एकही वाया नाही.

आईस्क्रीमचं चित्र वेगळं होतं. 3 वाजून 40 मिनिटांनी उणे 19 होतं, रात्री सव्वादहाला उणे 11. वरच्या थरातले आठ कप बोटाने दबत होते. ते मी वेगळे काढले आणि परत गोठवून विकले नाहीत. मऊ होऊन परत गोठलेलं आईस्क्रीम वर बर्फाच्या खड्यासारखं होतं, कपात खाली बसतं, झाकण आतून चिकटतं. चवीपुरतं असतं तर सोडलं असतं, पण मधल्या वेळात त्याच्यात जंतू वाढले असतील आणि गोठवल्याने ते मरत नाहीत. आठ कप नासाडीच्या वहीत गेले. दुसऱ्या दिवसापासून गोधडी दुहेरी केली.

विकायचं की फेकायचं

हा सगळ्यात अवघड भाग, कारण फेकताना जीव जातो. माझा नियम साधा आहे. 5 अंशांच्या वर एकूण दोन तासांहून जास्त राहिलेलं दूध, दही किंवा पनीर विकायचं नाही. 32 अंशांच्या वरच्या हवेत उघड्यावर राहिलं तर एकच तास. "एकूण" हा शब्द महत्त्वाचा. सकाळी अर्धा तास, दुपारी एक तास, संध्याकाळी पाऊण तास, असं मिळून दोनच्या वर जातं आणि प्रत्येक वेळी आपल्याला वाटतं की थोडाच वेळ होता.

दूध शंकास्पद असेल तर चमचाभर स्टीलच्या वाटीत उकळून बघा. फाटलं तर प्रश्न मिटला, आंबटपणा वाढलाय. पण फाटलं नाही म्हणजे चांगलं आहे असं नाही. काही जंतू विष सोडतात आणि ते विष उकळूनही जात नाही. पनीर आणि खव्यात हे जास्त होतं, म्हणून सुट्या पनीरबाबत मी सगळ्यात कडक आहे. हात लावल्यावर बुळबुळीत लागलं, पाण्याला वास आला, की संपलं. पिशवी किंवा दह्याचा कप फुगला असेल तर आत वायू तयार झालाय, तो उघडून चाखून बघू नका.

फेकायचा माल फ्रीजमध्ये चांगल्या मालाच्या शेजारी ठेवू नका. वेगळा क्रेट, त्यावर "विक्रीसाठी नाही" अशी चिठ्ठी. एकदा माझ्या भाच्याने गर्दीत त्याच क्रेटमधून दोन पिशव्या दिल्या होत्या. नासक्या दुधाचं पनीर करून विकणं किंवा जुन्या दह्यात नवीन मिसळून ताक करणं, हे आपल्या गावात चालतं हे मला माहीत आहे. करू नका. फूड लायसन्स गेलं तर दुकान बंद होईल, आणि आजारी पडेल ते शेजारच्याचंच पोर.

फ्रीज न लागणारा माल

यावर जास्त लिहीत नाही. आमच्या कोरड्या हवेत ओलं पोतं कमाल करतं. कोथिंबीर, पालक, मेथी देठांनी पाण्यात, वर ओलं गोणपाट, खिडकीत वाऱ्याच्या बाजूला. दर तासाला पाणी शिंपडलं की पोत्याखाली बाहेरपेक्षा बराच गारवा राहतो. विटांच्या दोन भिंती आणि मधे ओली वाळू असा शीतकक्ष दिल्लीच्या भारतीय कृषी अनुसंधान संस्थेने याच तत्त्वावर तयार केलाय, जागा असेल तर परसात बांधता येतो. कोकणात किंवा मुंबईत हे फारसं चालत नाही, हवेत आधीच ओलावा असतो. आणि कुठेही असलात तरी दुधासाठी हे पुरेसं नाही, 5 अंश याने येत नाही.

अंडी फ्रीजमध्ये ठेवली तर कायम तिथेच ठेवा. आत-बाहेर केली की त्यांना घाम येतो आणि त्या ओलाव्यातून घाण कवचाच्या आत जाते. चॉकलेट खालच्या फळीवर, पत्र्यापासून लांब. आणि इडलीचं पीठ उन्हाळ्यात निम्मंच मागवा, कितीही थंड ठेवलं तरी ते दुपारपर्यंत पिशवीत फुगून बसतं.

वही

आता ज्यासाठी हा लेख खरा लिहायला घेतला ते. नासाडीची वही नवीन दुकानदार ठेवत नाही, कारण तोटा लिहून काढायला कुणाला आवडतं? मीही पहिलं वर्ष ठेवली नाही.

साधी शंभरपानी वही, एका पानावर एक दिवस. रकाने एवढेच: माल, नग, खरेदी किंमत, कारण, काय केलं. पानाच्या वर तीन गोष्टी: लाईट किती ते किती नव्हती, सकाळ-दुपार-रात्र फ्रीजचं तापमान, आणि दुधाची गाडी कधी आली. कारणासाठी मी एकच अक्षर लिहितो. "ल" म्हणजे लाईट, "उ" म्हणजे उरलं आणि तारीख गेली, "फ" म्हणजे फुटलं, "ग" म्हणजे आलंच गरम. खरेदी किंमत लिहा, विक्रीची नको, कारण आपल्या खिशातून गेलं ते खरेदीचं.

या चार अक्षरांनी मला जे दाखवलं ते मी कधीच ओळखलं नसतं. एका मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात एकूण 2,310 रुपयांची नासाडी होती. मी सगळ्यांना सांगत होतो की लाईटने मला बुडवलं. बेरीज केली तर "ल" 540 रुपये. "उ" 1,190. "ग" 510. "फ" 70. म्हणजे निम्म्याहून जास्त नुकसान माझ्याच मागणीचं होतं. मे महिन्यात शाळा बंद, लोक गावाला जातात, आणि मी मार्चचीच दह्याची ऑर्डर चालू ठेवली होती. रविवारी लग्नाची पंगत असली की दही संपतं, म्हणून सोमवारीही तेवढंच मागवायचो, आणि सोमवारचं उरायचं.

"ग" चं प्रकरण आणखी मजेदार. एक काकू तीनदा येऊन म्हणाल्या, "भाऊ, तुमचं दूध उकळलं की फाटतं." मी म्हणालो लाईट गेली होती. वही काढली तर त्या तीन दिवसांपैकी दोन दिवस लाईट गेलीच नव्हती. तिन्ही दिवस सारखं एकच होतं, गाडी साडेसातनंतर आली होती. एरवी ती सव्वापाचला येते. मग मी दुसऱ्या दिवसापासून गाडीवर थर्मामीटर घेऊन उभा राहू लागलो. दोन पिशव्यांच्या मधे टोक धरून पिशव्या घट्ट दाबल्या की मिनिटभरात आकडा येतो. वेळेवर आलेली गाडी 5-6 दाखवायची, उशिरा आलेली 13-14. पुढच्या वेळी 13 दिसलं तेव्हा माल उतरवलाच नाही. गाडीवाला चिडला, पण आठवड्याने एजन्सीच्या काकांनी आमच्या भागाची गाडी आधी लावली, कारण माझ्याकडे तारीख, वेळ आणि आकडा होता. नुसतं "दूध खराब येतं" म्हणून मी आधी किती फोन केले होते.

गाडीवर माल घेतानाच तपासणं म्हणूनच पहिल्या दिवसापासून करा. 8 च्या वर असेल तर परत, आणि वहीत "ग". फोटो काढून ठेवला तर आणखी बरं.

आता नफ्याच्या बाजूने बघा. समजा अर्ध्या लिटरची पिशवी तुम्हाला 29 ला पडते आणि 30 ला जाते. एक पिशवी फेकली की तिचे 29 रुपये भरून काढायला आणखी 29 पिशव्या विकाव्या लागतात, आणि त्यात वीजबिल धरलेलंच नाही. दह्यावर आणि आईस्क्रीमवर सुटतं जास्त, तिथे एक कप वाया गेला तर चार-सहा कपांत भरून निघतो. म्हणून दूध कमी मागवून दोन गिऱ्हाईकं परत गेली तरी चालेल, पण उरू देऊ नये. आईस्क्रीमचं थोडं जास्त मागवण्यात जोखीम कमी आहे, फ्रीजर धड असेल तर.

दर रविवारी रात्री पानांची बेरीज करतो. नासाडीची खरेदी किंमत भागिले त्या आठवड्याची एकूण खरेदी, शंभराने गुणून. दूध, दही, आईस्क्रीम वेगवेगळं काढतो, एकत्र केलं तर काही कळत नाही. कुठल्या मालाचा आकडा दोन आठवडे चढला तर त्याची ऑर्डर पाचव्या हिश्श्याने कमी करतो आणि बघतो. "ल" चढला तर बाटल्या वाढवतो. महावितरणचा नियोजित दुरुस्तीचा एसएमएस मीटरशी जोडलेल्या मोबाईल नंबरवर येतो. नंबर जुना असेल तर तो बदलून घ्या, 1912 वर फोन करून विचारता येतं. दुरुस्तीचा दिवस कळला की आदल्या दिवशी दह्याची ऑर्डर निम्मी, पनीर बंद, आणि बाटल्या पूर्ण.

पावसाळ्यात वही बंद करू नका, तेव्हा कारणं बदलतात. ब्रेडला बुरशी, कांद्याला कोंब, आणि विजेच्या कडकडाटात जळलेला स्टॅबिलायझर. माझ्या वहीत त्यासाठी नवीन अक्षर आहे, "प".